नऊ हजारांचा करार आणि सुपरवायझरांच्या हातातली दोन पाने

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीच्या कार्मिक विभागात मी काम करतो. आमच्याकडे कायम कामगारांचा वेतन करार दर तीन वर्षांनी होतो. मागील कराराची मुदत 31 मार्च 2023 रोजी संपली. पुढच्या कराराच्या वाटाघाटी पावसाळाभर चालल्या आणि सह्या 18 नोव्हेंबर 2023 रोजी समेट अधिकाऱ्यांसमोर झाल्या. त्याच संध्याकाळी गेटवर गुलाल उधळला गेला आणि ‘नऊ हजारांची वाढ’ हे शब्द तिन्ही पाळ्यांत पोहोचले. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी मला सांगितले, की सुपरवायझरांना देता येईल असा कराराचा सारांश तयार करा, त्यात पगाराचा कोणता घटक किती बदलला, कधीपासून बदलला आणि कोणाला लागू आहे एवढेच असू द्या, आणि तो दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका.

हा सारांश सुपरवायझरांसाठीच का, हे बाहेरच्या माणसाला चटकन लक्षात येणार नाही. कामगार प्रश्न घेऊन आधी कार्मिक विभागात येत नाही. मोल्डिंगचा माणूस मोल्डिंगच्या सुपरवायझरला पाळी सुरू होण्यापूर्वी गाठतो आणि विचारतो, “साहेब, नऊ हजार म्हणजे हातात किती पडणार, ते सांगा की.” सुपरवायझर स्वतः या कराराच्या कक्षेत नसतो, त्याने करार वाचलेला नसतो, आणि समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून तो अंदाजाने काहीतरी आकडा सांगतो. तो अंदाज पुढे पगाराच्या दिवशी अंगावर येतो. काही जण तर त्या आकड्याच्या भरवशावर पतसंस्थेत कर्जाचा अर्ज देऊन मोकळे होतात.

करार वाचायला घेतल्यावर पहिली अडचण त्याच्या रचनेची होती. वाढीची एकूण रक्कम एका कलमात होती, तिची घटकवार विभागणी परिशिष्टात होती, अंमलाची तारीख मुदतीच्या कलमात होती, पात्रता शेवटाकडे ‘सर्वसाधारण अटी’ या मथळ्याखाली होती, आणि काही भत्त्यांच्या वेगळ्या तारखा परिशिष्टाच्या तळटीपांत होत्या. वाटाघाटी ज्या क्रमाने मिटत गेल्या त्या क्रमाने कलमे लिहिली गेलेली असतात, त्यामुळे असे होणे स्वाभाविक आहे. म्हणून मी कलमांच्या क्रमाने सारांश लिहिला नाही. कोऱ्या तक्त्यात प्रत्येक घटकाला एक ओळ दिली आणि त्या ओळीत जुना दर, नवा दर, लागू तारीख, पात्र वर्ग आणि कलम क्रमांक असे रकाने केले. एखादा रकाना करारातील शब्दांवरून भरता येत नसेल तर तो रिकामाच ठेवायचा, शेजारच्या ओळीवरून उचलून भरायचा नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. या रिकाम्या रकान्यांचा पुढे फार उपयोग झाला.

आता त्या नऊ हजारांकडे येतो. आमच्या भागातील अनेक करारांप्रमाणे ही रक्कम कंपनीवर पडणाऱ्या एकूण खर्चाची, म्हणजे सगळे ज्याला ‘सीटीसी’ म्हणतात त्याची, होती. ती तीन वर्षांत विभागलेली होती: पहिल्या वर्षी निम्मी म्हणजे 4,500 रुपये, आणि पुढच्या दोन वर्षांत प्रत्येकी 2,250 रुपये. पहिल्या वर्षाचे 4,500 रुपये परिशिष्टात असे वाटले होते: मूळ पगारात 2,000, घरभाडे भत्त्यात 800, वाहतूक भत्त्यात 500 आणि शिक्षण भत्त्यात 300 रुपये. ही बेरीज 3,600 रुपये होते. उरलेले 900 रुपये कामगाराच्या पगारपत्रकात वाढ म्हणून कधीच दिसणार नव्हते, कारण त्यांत कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील हिस्सा, ग्रॅच्युइटीची तरतूद, सानुग्रह रकमेतील वाढ आणि विम्याचा हप्ता धरलेला होता.

ही वजाबाकी जुळते की नाही हे मी घटकवार तपासले, आणि तिथेच कराराची एक सहज न दिसणारी गोष्ट समोर आली. मूळ पगारातील वाढ 2,000 धरली तर कंपनीचा बारा टक्के निधी 240 रुपये यायला हवा होता, पण परिशिष्टात 384 रुपये होते. 384 हे 3,200 चे बारा टक्के होतात. मग वरचे 1,200 कुठून आले? ते आले एका वेगळ्या कलमातून, ज्यात पूर्वीचा 1,200 रुपयांचा ‘विशेष भत्ता’ मूळ पगारात विलीन करण्याचे ठरले होते. ग्रॅच्युइटीचे 154 आणि सानुग्रह रकमेचे 267 रुपयेही 3,200 वरच काढलेले होते. विम्याचे 95 रुपये मिळवले की 900 पूर्ण होत होते.

विलीनीकरणाची ही ओळ सारांशात कशी लिहावी यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. मूळ पगाराच्या ओळीत ‘वाढ 3,200’ असे लिहिले असते तर ते कागदावर खरे, पण समज म्हणून चुकीचे ठरले असते, कारण त्यांतले 1,200 रुपये एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेले होते. उलट विलीनीकरण गाळले असते तर पगारपत्रकावरील मूळ पगाराचा आकडा सारांशाशी जुळला नसता. शेवटी मी मूळ पगाराच्या दोन ओळी केल्या: एक ‘नवी वाढ’, दुसरी ‘विशेष भत्त्याचे विलीनीकरण, एकूण पगारात फरक नाही’. दुसऱ्या ओळीखाली लिहिले, की यापूर्वी विशेष भत्त्यावर निधीची कपात होत नव्हती, आता होईल, म्हणून या 1,200 रुपयांपोटी दरमहा 144 रुपये जास्त कापले जातील आणि तेवढीच रक्कम कंपनी कामगाराच्या निधीच्या खात्यात भरेल. आमच्या कायम कामगारांचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून निधीच्या 15,000 रुपयांच्या मर्यादेच्या वर आधीपासूनच होते आणि कंपनी पूर्ण रकमेवर निधी भरत होती, म्हणून हिशेब इतका सरळ राहिला. ज्या कारखान्यात निधी 15,000 वरच थांबवला जातो तिथे हीच ओळ वेगळी लिहावी लागेल.

व्यवस्थापनातील एकाचे म्हणणे पडले, की कपातीची गोष्ट सारांशात कशाला, ती कामगाराला आपोआप कळेल. मला ते पटले नाही. आपोआप कळेल ते पगाराच्या दिवशी, आणि त्या वेळी सुपरवायझर उत्तर न देता उभा राहील.

यानंतर तारखांचा भाग आला. ‘हा करार 1 एप्रिल 2023 पासून अमलात येईल’ हे वाक्य मुदतीच्या कलमात ठळकपणे होते, आणि बहुतेक सगळ्यांच्या डोक्यात तीच एक तारीख होती. तक्ता भरताना मात्र मला चार तारखा सापडल्या. मूळ पगारातील नवी वाढ, घरभाडे आणि शिक्षण भत्ता हे 1 एप्रिल 2023 पासून होते. वाहतूक भत्ता आणि विशेष भत्त्याचे विलीनीकरण हे ‘सहीच्या तारखेनंतर येणाऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून’, म्हणजे 1 डिसेंबर 2023 पासून होते. आणि पुढचे दोन टप्पे 1 एप्रिल 2024 व 1 एप्रिल 2025 पासून होते. शिवाय दरवर्षी जुलैमध्ये मिळणारी नेहमीची वार्षिक वेतनवाढ या कराराच्या बाहेर होती. तिचा उल्लेख मी मुद्दाम एका ओळीत केला, नाहीतर जुलैची वाढ कराराच्या टप्प्यात मोजली गेली अशी शंका कोणीतरी काढलीच असती.

एवढ्यावर सुपरवायझरला ‘हातात किती’ हे सांगता येत नाही, म्हणून एका काल्पनिक पण नेहमीच्या कामगाराचा हिशेब मी दुसऱ्या पानावर पूर्ण मांडला. हा कामगार सर्व महिने पूर्ण हजर आहे आणि त्याचा पगार ईएसआय या कामगार विमा योजनेच्या 21,000 रुपयांच्या मर्यादेच्या वर आहे, त्यामुळे ईएसआयची वर्गणी त्याला नाही. व्यवसाय कर तो पूर्वीपासून कमाल दराने भरतो, म्हणून त्यातही बदल नाही. एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांच्या थकीत वाढीचा फरक त्याला दरमहा 3,100 रुपयांप्रमाणे मिळेल, कारण वाहतूक भत्त्याचे 500 रुपये या काळाला लागू नाहीत. सात महिन्यांचे 21,700 होतात. त्यातून 2,000 रुपयांच्या मूळ वाढीवरील निधीची कपात दरमहा 240 प्रमाणे 1,680 वजा होते आणि 20,020 रुपये हातात येतात. नोव्हेंबरच्या पगारात त्याला पूर्वीपेक्षा 2,860 रुपये जास्त दिसतील. डिसेंबरमध्ये वाहतूक भत्ता सुरू होईल आणि विलीनीकरणाची 144 रुपयांची कपातही सुरू होईल, त्यामुळे वाढ 3,216 रुपयांवर जाईल आणि मार्चपर्यंत तिथेच राहील.

गेटवरचे नऊ हजार आणि डिसेंबरच्या पगारपत्रकातील 3,216 यांमधील अंतर कुठे गेले, हे या एका हिशेबातून ओळीने दाखवता येते. या हिशेबाच्या डोक्यावर मी ‘पूर्ण हजेरी धरून केलेले उदाहरण’ असे जाड अक्षरात लिहिले होते, कारण फरक हा पगारी दिवसांच्या प्रमाणात निघतो. ज्या कामगाराने उसाच्या हंगामात किंवा गावच्या यात्रेला बिनपगारी रजा घेतली असेल त्याचा फरक 20,020 येणार नाही. सुपरवायझरने कोणाही कामगाराचा वैयक्तिक आकडा स्वतः काढून सांगू नये, तो टाइम ऑफिसकडे पाठवावा, ही सूचना तिथेच दिली.

पात्रतेचा भाग लिहिताना आधी एक कायदेशीर मुद्दा समजून घ्यावा लागला. आमचा करार त्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 च्या कलम 12(3) खाली, म्हणजे समेट प्रक्रियेत झालेला होता. अशा कराराचे बंधन कलम 18(3) नुसार फक्त सही करणाऱ्या युनियनच्या सभासदांवर नसते, तर आस्थापनेतील सर्व कामगारांवर, नंतर कामावर येणाऱ्यांवरही असते. हाच करार मालक आणि युनियन यांनी आपसात, समेट प्रक्रियेबाहेर केला असता तर तो कलम 18(1) खाली केवळ त्या दोन पक्षांपुरता राहिला असता. कोअर शॉपमध्ये दुसऱ्या युनियनचे काही सभासद आहेत आणि ‘आम्ही सही केलेली नाही, आम्हाला मिळणार का’ हा प्रश्न त्यांच्याकडून येणार हे उघड होते. त्यामुळे सारांशात लिहिले: सभासदत्व कोणत्याही युनियनचे असो वा नसो, कायम कामगार पात्र आहे.

मात्र ‘कामगार’ म्हणून बंधनकारक असणे आणि प्रत्येक लाभाला पात्र असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. करारातील पात्रता अशी होती: 1 एप्रिल 2023 रोजी आणि सहीच्या दिवशी, दोन्ही दिवशी, कायम कामगारांच्या पटावर असलेल्यांना पूर्ण फरक. मधल्या काळात कायम झालेल्यांना कायम झाल्याच्या तारखेपासून. मधल्या काळात निवृत्त झालेल्यांना किंवा मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंतचा फरक. राजीनामा देऊन गेलेल्यांना किंवा बडतर्फ झालेल्यांना फरक नाही. ट्रेनी, शिकाऊ उमेदवार आणि कंत्राटी कामगार कराराच्या बाहेर.

यातील निवृत्तांची ओळ मी सर्वांत काळजीपूर्वक लिहिली. 31 ऑगस्ट 2023 रोजी तीस वर्षांची नोकरी पूर्ण करून निवृत्त झालेल्या माणसाचे उदाहरण घेतले, तर एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांचा फरक 15,500 होतो आणि निधीची कपात वजा जाता 14,300 रुपये हातात येतात. पण मूळ पगार 1 एप्रिलपासून 2,000 रुपयांनी वाढल्यामुळे त्याचा शेवटचा पगारच बदलतो, आणि ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते. दर वर्षाला पंधरा दिवसांचे, सव्वीस दिवसांच्या महिन्याने भागून, तीस वर्षांचे गणित केले की 34,615 रुपये आणखी देय होतात. म्हणजे ज्याला सगळे ‘फरक’ म्हणतात त्याच्या दुपटीहून जास्त रक्कम ग्रॅच्युइटीच्या फेरहिशेबात असते, आणि माणूस घरी बसलेला असल्यामुळे तो विचारायलाही येत नाही. फेटलिंगच्या सुपरवायझरला मी विनंती केली, की त्यांच्या विभागातून त्या काळात निवृत्त झालेल्यांना फोन करून अर्ज देण्यास सांगा. ते म्हणाले, “आमचे मामा ऑगस्टमध्येच निवृत्त झाले, आता हळदी गावात शेती बघतात. आजच निरोप देतो.”

सुपरवायझरांचा स्वतःचा प्रश्नही याच वेळी निघाला. ते कराराच्या कक्षेत नाहीत, त्यांची वाढ व्यवस्थापन स्वतंत्र पत्राने ठरवते, हे सारांशात पहिल्याच ओळीत असावे असा माझा आग्रह होता. परंतु ‘लीडिंग हँड’ या पदावरील माणसे मात्र कायम कामगारांच्या पटावर आहेत आणि करारात आहेत. ती आठ-दहा जणांना काम वाटून देतात, म्हणून त्यांना सगळे अर्धे सुपरवायझरच समजतात, आणि दोन विभागांनी त्यांची नावे पात्र यादीतून आधीच वगळली होती. कायद्यातही माणूस पर्यवेक्षक आहे का, हे पदनामावरून नव्हे तर मुख्य कामाच्या स्वरूपावरून ठरते. लीडिंग हँड रजा मंजूर करत नाही, कोणाला मेमो देत नाही, बहुतांश वेळ स्वतः साच्यावर काम करतो. पटावरील वर्ग पाहून ती नावे परत घेतली.

आता रिकाम्या रकान्यांकडे. तक्त्यात शेवटी दोन रकाने रिकामे राहिले. पहिला ओव्हरटाइमचा होता. एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये झालेल्या ओव्हरटाइमवर नव्या दराने फरक मिळणार का, याबद्दल करारात एक शब्द नव्हता. त्या वेळी लागू असलेल्या कारखाना अधिनियमाच्या कलम 59 नुसार ओव्हरटाइम साधारण वेतनदराच्या दुपटीने द्यावा लागत असे आणि त्या दरात मूळ वेतनासह भत्तेही येत, त्यामुळे मूळ पगार मागील तारखेपासून वाढला तर ओव्हरटाइमचा दरही वाढतो असे माझे मत होते. पण माझे मत सारांशात घालण्याचा मला अधिकार नव्हता. दुसरा रकाना निलंबित कामगारांचा होता. त्या वेळी दोघांची चौकशी चालू होती, आणि निर्वाहभत्ता जुन्या दराने की नव्या दराने, हे लिहिलेले नव्हते.

दोन्ही ओळींत मी ‘करारात उल्लेख नाही, लेखी खुलासा येईपर्यंत होय किंवा नाही असे कोणतेही उत्तर देऊ नये’ असे लिहिले आणि तो मसुदा व्यवस्थापक व युनियनचे जनरल सेक्रेटरी या दोघांकडे एकाच दिवशी पाठवला. जनरल सेक्रेटरींनी तो बारकाईने वाचला आणि विलीनीकरणाच्या ओळीतील ‘फरक नाही’ हे शब्द त्यांना खटकले. निधीत कंपनीचा हिस्सा वाढतो, ग्रॅच्युइटी वाढते, मग फरक नाही कसे, असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. ‘एकूण मासिक पगारात फरक नाही, निधी व ग्रॅच्युइटीत वाढ’ असे शब्द ठरले. ओव्हरटाइमबाबत दोन्ही पक्षांनी एका पानाच्या खुलाशावर सह्या केल्या आणि फरक देण्याचे मान्य केले. निलंबितांचा निर्णय चौकशीच्या निकालानंतर, असे त्याच खुलाशात आले.

वाटण्यापूर्वीची शेवटची तपासणी पगारपत्रकाशी होती. संगणकावर नोव्हेंबरच्या पगाराची चाचणी काढली आणि प्रत्येक पात्र वर्गातील एकेका माणसाचा आकडा सारांशावरून हाताने काढून ताडून पाहिला. नेहमीच्या कायम कामगाराचा जुळला, निवृत्ताचा जुळला. 1 ऑगस्टला कायम झालेल्या मोल्डिंगमधील तरुणाचा मात्र 21,700 रुपयांचा, म्हणजे सात महिन्यांचा, फरक निघत होता. त्याला तीन महिन्यांचे 9,300 हवे होते. पगाराच्या प्रणालीत त्याच्या नोंदीवर कायम झाल्याची तारीख नव्हती, फक्त भरतीची होती. त्या काळात कायम झालेल्या सर्वांच्या नोंदी दुरुस्त केल्यावर दुसरी चाचणी बरोबर आली.

दोन पाने सुपरवायझरांना दिली तेव्हा प्रत्येक पानाच्या तळाशी ‘सारांश आणि मूळ करार यांत तफावत आढळल्यास मूळ करार ग्राह्य’ ही ओळ, आवृत्तीची तारीख आणि टाइम ऑफिसचा अंतर्गत दूरध्वनी क्रमांक होता. मार्च 2024 मध्ये दुसऱ्या टप्प्याची विभागणी घालून नवी पाने काढली आणि जुनी परत मागवली, कारण मेल्टिंगच्या केबिनमध्ये जुनेच पान काचेखाली लावून ठेवलेले मला दिसले होते.